शाळेतल्या मैत्रिणीला इतक्या वर्षांनी पहिला मेसेज, ऑकवर्ड न होता कसा लिहू?

निळीशाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललंय म्हणून इथे विचारतेय. पाचवीपासून आठवीपर्यंत एका बाकावर बसणारी माझी मैत्रीण होती, तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेली. थोडे दिवस पत्रं चालली मग कोणाचं शेवटचं आलं तेही आठवत नाही. भांडण वगैरे काहीच नाही. आता दुसऱ्या एका वर्गमैत्रिणीकडून तिचा नंबर मिळालाय, सेव्ह करून ठेवलाय, रोज डीपी बघते आणि बंद करते. खाली ड्राफ्ट टाकतेय, नावं बदललीत. वाचून मलाच कसंतरी होतं पण नक्की काय खटकतंय ते कळत नाही.

"हाय वैशाली, कशी आहेस? ओळखलंस का? किती वर्षं झाली ना! मी कामात आणि संसारात खूप बिझी असल्यामुळे कधी कॉन्टॅक्ट करता आला नाही, त्याबद्दल खरंच सॉरी. तुझा डीपी बघितला, किती बदललीस गं. आता कुठे असतेस, काय करतेस, घरी कोण कोण असतं? नक्की रिप्लाय कर, मी वाट बघतेय, मग निवांत फोनवर बोलू."

थेटबोला
एवढं काय त्यात, फोन लाव की सरळ. मेसेजमध्ये आवाज नसतो, टोन नसतो, आणि तू 'बिझी' लिहिलंस की तिला ते टोमण्यासारखंही वाटू शकतं. आवाज ऐकला की दोन मिनिटांत वर्षं गळून पडतात. आणि हे मी मनचं सांगत नाहीये, यावर रिसर्च झालाय, फोनवर बोलल्यावर लोकांना जास्त जवळीक वाटली आणि वाटलं होतं तेवढं अवघडल्यासारखंही झालं नाही.

अवधूत७
ताई मनात काही असेल तर स्पष्ट सांगून टाका. इतकी वर्षं मनात ठेवलंय म्हणजे साधी गोष्ट नाही. फक्त आता तिचं लग्न झालेलं असेल तर घरच्यांनी मेसेज वाचला तर काय वाटेल याचाही विचार करावा असं माझं मत.

निळीशाई
@अवधूत७ अहो दादा मैत्रीणच आहे हो, बाकावरची 😄 तसं काही नाही!

अवधूत७
ओह सॉरी, मी फक्त शीर्षक आणि 'रोज डीपी बघते' एवढंच वाचलं. चालू द्या.

बॅचमॉनिटर
आमच्या दहावीच्या बॅचची हरवलेली माणसं शोधून आणायचं काम गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे असले पहिले मेसेज मी पुष्कळ लिहिलेत आणि इतरांनाही लिहून दिलेत. तुझा ड्राफ्ट तिच्या बाजूने वाचून बघ.

तिच्या फोनवर अनोळखी नंबर येणार. स्क्रीनवर तिला दिसणार फक्त पहिली ओळ, म्हणजे "हाय वैशाली, कशी आहेस? ओळखलंस का?" आता हीच ओळ फसवणूकवाले वापरतात. ते 'ओळखलंस का' म्हणतात, समोरचा अंदाजाने एखादं नाव घेतो आणि ते त्याच नावाचे होऊन बसतात. त्यामुळे थोडा सावध माणूस मेसेज न उघडताच ब्लॉक करतो. आणि तिथे व्हॉट्सॲप स्वतःच ब्लॉक आणि रिपोर्टची बटणं समोर ठेवतं, म्हणजे मोह आणखी वाढतो. म्हणून तू कोण हे पहिल्या ओळीतच यायला हवं. नुसतं नाव नको, वर्गात एकाच नावाच्या दोघीतिघी असतातच. तिला जागेवर नेऊन बसवेल असं काहीतरी हवं, बाक, इयत्ता, तुम्ही काय करायचात ते. लग्नानंतरचं आडनाव तर अजिबात नको, तिला ते माहीतच नाही. नंबर कोणाकडून मिळाला तेही लगेच सांग, कारण पुढचा प्रश्न तोच असतो, फक्त लोक विचारत नाहीत, मनात ठेवतात.

दुसरं ते 'बिझी'. थेटबोला म्हणतात तसा टोमणा नाही वाटत, पण वाचताना उतरतं असं की इतकी वर्षं बाकी सगळ्याला वेळ होता. गप्प तर दोघीही होतात ना. माफी मागितलीस की तिला 'अगं नाही गं, माझंही तसंच' असं समजावत बसावं लागतं, म्हणजे पहिल्याच मेसेजमध्ये तिला तुझी समजूत घालायचं काम दिलंस. काढून टाक.

तिसरं, कुठे असतेस, काय करतेस, घरी कोण कोण. तुझ्या मनात माया आहे हे मला कळतं, पण तिच्या आयुष्यात काय चाललंय ते तुला माहीत नाही. नोकरी सुटलेली असू शकते, घटस्फोट झालेला असू शकतो, मूल हवं असून झालेलं नसू शकतं, आणि 'घरी कोण कोण' हा प्रश्न बरोबर तिथेच जाऊन लागतो. माझ्या अनुभवात उत्तर न देणाऱ्यांपैकी बरेचजण रागावलेले नसतात, त्यांना फक्त त्या तीन प्रश्नांचं काय लिहायचं ते सुचत नाही, उद्या लिहू म्हणतात आणि मग उशीर झाला म्हणून लाजतात.

@थेटबोला तो अभ्यास खराच आहे, कुमार आणि एप्ली यांचा, 2021 साली आला. पण फोन उचलला गेला तर ना. अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतं. फोन दुसऱ्या पायरीवर ठेवा, मेसेजला उत्तर आलं की.

थेटबोला
हं, उचलण्याचा मुद्दा मान्य. मग व्हॉइस नोट? त्यात आवाज पण आला आणि न उचलायचा प्रश्न पण नाही.

बॅचमॉनिटर
अनोळखी नंबरवरून आलेली व्हॉइस नोट ऐकतोस तू? आणि ऑफिसात, गाडीत, चार माणसांत बसलेली असेल तर ऐकणार कधी. व्हॉइस नोट पहिल्या ओळखीनंतर झकास.

सुमेधा_प
मी पलीकडच्या बाजूने सांगते. मला मागे असाच मेसेज आला होता, शाळेतली मैत्रीण, खूप गोड, जुन्या आठवणी, आपण कशा रडलो होतो निरोप समारंभाला वगैरे. मी इतकी खूश झाले की घरात सगळ्यांना दाखवला. दोन दिवस गप्पा झाल्या आणि तिसऱ्या दिवशी 'एक छान प्लॅन आहे, तुझ्यासारख्या बाईला नक्की जमेल, महिन्याला घरबसल्या'. तेव्हापासून कोणी जुनं अचानक आठवलं की माझं पहिलं मन म्हणतं, आता काय विकणार आहे ही. निळीशाई तुझं तसं नाही हे दिसतंय, पण तिला कसं कळणार? 'मग निवांत फोनवर बोलू' हे वाक्य मला तर त्याच प्रकारचं वाटलं, खरं सांगते राग मानू नकोस.

निळीशाई
राग नाही गं, उलट हेच मला कळत नव्हतं. मग 'माझं काहीही काम नाहीये' असं लिहू का सरळ?

सुमेधा_प
अय्या नको, ती पण असंच म्हणाली होती 😂

बॅचमॉनिटर
सुमेधाताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'काम नाही' म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही, आत्ताच का आठवण आली ते सांगितलं की बसतो. काहीतरी निमित्त झालंच असेल ना? जुनी वही सापडली, कोणी नाव काढलं, काहीही. ते लहान आणि खरं असलं की 'ही आज अचानक का' या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. आणि खरोखरच काम असेल, कोणाला ओळख हवी असेल, सल्ला हवा असेल, तर ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहावं. गप्पांच्या मागे लपवून चौथ्या दिवशी काढलं की आधीच्या सगळ्या गप्पा खोट्या ठरतात.

तर निळीशाई, दोन गोष्टी सांग. निमित्त काय झालं? आणि तिची अशी कुठली आठवण आहे जिच्यात *ती* काहीतरी करतेय?

निळीशाई
निमित्त म्हणजे अगदीच फालतू आहे. भाचीला भूगोलाच्या वहीत नकाशा रंगवून देत होते. वैशूची एक युक्ती होती, निळी रंगीत पेन्सिल ब्लेडने तासायची, तो भुगा कागदावर पडू द्यायचा आणि कापसाने हलक्या हाताने किनाऱ्यापासून बाहेर पसरवायचा. समुद्र असा मऊ यायचा, किनाऱ्याशी गडद आणि पुढे फिका होत जाणारा, आम्ही बाकीचे पेन्सिल घासघासून रेघोट्या काढायचो आणि कागद फाडायचो. बाई तिची वही वर्गभर फिरवायच्या. मी परवा तसंच केलं आणि हातावर निळं लागलं तेव्हा एकदम ती आठवली.

दुसरी आठवण म्हणजे ती एकदा वर्गात चक्कर येऊन पडली होती आणि सगळे घाबरलो होतो. ती जास्त लक्षात राहण्यासारखी आहे, ती लिहू का?

शब्दवेल्हाळ
पहिली! पहिली! मी तर त्या समुद्रात पोहून आले वाचताना.

बॅचमॉनिटर
ही फालतू नाही, मेसेज तयारच आहे तुझा. चक्कर वगळ. त्यात ती तिला नको असलेल्या अवस्थेत आहे, आणि बघणारे तुम्ही आहात. तेच चिडवायच्या नावांचं. 'काय गं जाडे' म्हणून सुरुवात केलेला एक मेसेज मी बघितलाय, लिहिणाऱ्याला ते प्रेम वाटत होतं, घेणारीने ते नाव चार वर्षं सहन केलं होतं. दोघांना ती शाळा एकसारखी आठवत नाही हे धरूनच चालावं. घरात हाक मारायचे ते नाव, तिला आवडणारं, खुशाल वापर.

समुद्राची आठवण चांगली का, तर ती छोटी आहे आणि तुम्ही दोघींशिवाय कोणाला माहीत असणं कठीण, त्यामुळे तू खरी तूच आहेस हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. शिवाय तिला कशात तरी हात होता हे तू इतकी वर्षं लक्षात ठेवलंस, हे स्तुती न करता पोचतं. 'आपली मैत्री किती सुंदर होती' असं लिहिलंस की तिला त्यावर तेवढंच भारी काहीतरी लिहावं लागतं.

आता लिही बघू. तू शेजारी उभी असतीस तर जशी बोलली असतीस तसं.

निळीशाई
प्रयत्न करते.

"वैशू, मी ज्योती, आठवीपर्यंत खिडकीजवळच्या बाकावर तुझ्या शेजारी बसायचे ती. नंबर सुनीताने दिला. परवा भाचीचा नकाशा रंगवत होते आणि तुझी ती पेन्सिलीचा भुगा करून कापसाने समुद्र रंगवायची युक्ती वापरली, अजून तसाच मऊ येतो! हाताला निळं लागलं आणि तू आठवलीस. ती युक्ती तुला कोणी शिकवली होती गं? सहज लिहिलं, उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

शब्दवेल्हाळ
अगं किती छान! आधीच्यात एक बाई फॉर्म भरून घेत होती, इथे माणूस आहे. फक्त एक, 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' हे मला कोरडं वाटतं. चालेल म्हणजे? तुला काही फरकच पडत नाही का?

बॅचमॉनिटर
मला ते ठेवावंसं वाटतं, 'वाट बघतेय'पेक्षा कितीतरी बरं, कारण मोकळीक मिळते. पण शेवटी नको. शेवटचं वाक्य डोक्यात राहतं आणि हाताला काम देतं, म्हणून शेवटी प्रश्न असू दे. प्रश्न मस्त आहे, एका ओळीत उत्तर देता येतं आणि त्यात तिचं आजचं काहीच उघडं करावं लागत नाही. सांगायचं असेल तर तीच सांगेल.

शब्दवेल्हाळ
'सवडीने लिही' म्हणा ना मग. त्यात मोकळीक पण आहे आणि हवं पण आहे.

निळीशाई
'सवडीने लिही' आवडलं. ते आधी आणि प्रश्न शेवटी करते. पण माझी खरी भीती वेगळीच आहे, तिला मी आठवतच नसेन तर? किंवा आठवून तिला वाटेल की ही काय इतक्या वर्षांनी.

बॅचमॉनिटर
ही भीती इतकी सगळ्यांना असते की त्यावरही अभ्यास झालेत. 2022 मध्ये पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा प्रयोगांचा एक अभ्यास मांडला, त्यात दिसलं की आपण आठवण काढली याचं समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक सतत कमी करतात. आणि गंमत म्हणजे जितकं अनपेक्षित तितकं जास्त बरं वाटतं, आपण मात्र त्या अनपेक्षितपणालाच घाबरतो. 2024 मध्ये अॅक्निन आणि सँडस्ट्रॉम यांनी तर लोकांना जुन्या मित्राला लिहायला वेळ दिला, नंबर होता, इच्छा होती, तरी साधारण तिघातल्या एकानेच मेसेज पाठवला. मग त्यांनी काही लोकांना आधी थोडा वेळ रोजच्या मित्रांना मेसेज करायला लावले आणि लगेच जुन्याला लिहायला सांगितलं, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी पाठवला. म्हणजे हात जरा सैल झाला की जातो.

पण याचा अर्थ उत्तर येतंच असा नाही हां. मी लिहिलेल्यांपैकी काही कायमचे गप्प राहिले आणि एकाने नम्रपणे कळवलं की त्याला शाळेचं काहीच नको आहे. त्यालाही कारण असतं.

सुमेधा_प
आणि फेसबुक किंवा इन्स्टावरून पाठवणार असशील तर तो मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो, तिथे लोक महिनोन्‌महिने बघत नाहीत. माझ्या रिक्वेस्टमध्ये एका चुलतभावाचं आमंत्रण कार्यक्रम होऊन गेल्यावर सापडलं होतं. नंबर आहे तर नंबरवरच पाठव.

निळीशाई
दोन मैत्रिणींना काहीतरी पाठवलं, बहिणीला एक फोटो पाठवला आणि त्याच भरात वैशूलाही पाठवून टाकला 🙈 एकच टिक आहे.

थेटबोला
एक टिक म्हणजे ब्लॉक!

बॅचमॉनिटर
अरे घाबरवू नको तिला. एक टिक म्हणजे तिच्या फोनपर्यंत अजून पोचला नाही, फोन बंद असेल, नेट नसेल. ब्लॉक केलं असेल तरी एकच राहते हे खरं, पण तिने तुझा नंबर कधी बघितलाच नव्हता तर ब्लॉक कशाला करेल? दोन झाल्या आणि निळ्या झाल्या नाहीत तरी अर्थ काढू नको, खूप लोकांनी ते बंद केलेलं असतं. आणि कृपा करून डिलीट करू नको. डिलीट केलास की 'मेसेज डिलीट केला' असं तिला दिसतं, आणि ते कुठल्याही मेसेजपेक्षा विचित्र दिसतं.

कुंपणावरचा
धागा मन लावून वाचतोय. माझी केस जरा अवघड आहे. मित्राशी नववीत बोलणं बंद झालं, चूक कोणाची ते आजही नीट सांगता येणार नाही. यांच्यासारखी गोड आठवण लिहून सुरुवात केली तर ते झाकपाक केल्यासारखं होईल ना?

शब्दवेल्हाळ
मला वाटतं आठवणच लिहा. भांडण उकरून कशाला काढायचं, मुलं होतात तेव्हा.

सुमेधा_प
मी असते तर मला ते आवडलं नसतं. मला कोणी दुखावलं असेल आणि वीस वर्षांनी 'आठवतंय का आपण पतंग उडवायचो' असा मेसेज आला तर मी म्हणेन, आणि बाकीचं आठवत नाही वाटतं तुला?

बॅचमॉनिटर
याचं माझ्याकडे एक उत्तर नाही. दोन्ही प्रकार बघितलेत, आणि दोन्ही फसलेले पण बघितलेत. एवढंच सांगतो की तुमच्या बाजूचं एखादं स्पष्ट काही असेल तर ते एका वाक्यात लिहा, 'तेव्हा मी तुझ्याशी बोलणं बंद केलं ते मला बरोबर वाटत नाही' इतकंच. त्याच्या बाजूचं काही त्यात घालू नका आणि 'आपण दोघंही लहान होतो' हे तर मुळीच नको, ते त्याने म्हणायचं आहे.

निळीशाई
अपडेट! उत्तर आलं! तीन दिवस एक टिक होती, प्रवासात होती म्हणे. जशीच्या तशी ओळ टाकतेय:

"ज्योते!!! अगं ती युक्ती तुझी होती, मी तर फक्त पेन्सिल द्यायचे. बाईंनी माझी वही फिरवली म्हणून तू आठवडाभर बोलत नव्हतीस माझ्याशी 😂"

मला यातलं काहीही आठवत नाही. खरंच नाही. आता काय लिहू? मी मोठा मेसेज टाईप करत होते, सगळी वर्षं, लग्न, नोकरी, आई गेली ते, मग थांबले.

बॅचमॉनिटर
थांबलीस ते बरं. तिने दोन ओळी लिहिल्यात, तू दोनचार लिही. तिने चिडवलंय, तर तूही उलट चिडव. कोण खरं ते मिटवू नकोस, त्यावरच गप्पा चालतील. आईचं सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, पण ते तिने 'घरी कसे आहेत सगळे' विचारल्यावर जास्त नीट सांगता येईल.

थेटबोला
आता तरी फोन?

निळीशाई
😄 तिनेच विचारलंय, रविवारी दुपारी मोकळी आहेस का म्हणून.

थेटबोला
आम्ही पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो.

कुंपणावरचा
अभिनंदन! मी अजून त्या एका वाक्यावरच अडलोय. 'बरोबर वाटत नाही' लिहिलं की पुढे काय, तिथेच थांबायचं की काही विचारायचं? त्याला समुद्राची युक्ती कोणी शिकवली असलं काही विचारण्यासारखं माझ्याकडे नाहीये.

सुमेधा_प
थांबा तिथेच. विचारू नका काही. आणि तुमचं नाव पूर्ण लिहा, शाळेतलं.